पिन टाकण्यापूर्वी नाव वाचा, रक्कम वाचा



शाखेच्या सभेत आपण एरवी भत्ते, बदल्या आणि पेन्शन यांवरच बोलतो. आज आम्ही एक छोटा विषय घेतला आहे. आपले कित्येक ट्रॅकमन, पोस्टमन आणि निवृत्त सभासद आता कुठे मोबाईलवरून दुकानाचे पैसे देऊ लागले आहेत. क्यूआर कोड स्कॅन कसा करायचा हे घरातली मुले शिकवतात. स्कॅन झाल्यावर जो पडदा येतो तो वाचायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या पडद्यावर पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. पैसे कोणाला जाणार त्याचे नाव, आणि रक्कम.

प्रथम नाव. 2025 च्या जानेवारीत मध्य प्रदेशात खजुराहोला चोरट्यांनी रात्रीतून काही दुकानांच्या कोडवर स्वतःचे कोड चिकटवले. सकाळी गिऱ्हाइके पैसे देऊ लागली आणि ते भलत्याच्याच खात्यात जाऊ लागले. हा प्रकार एका औषधाच्या दुकानात उघडकीस आला तो असा, की स्कॅन केल्यावर मालकाऐवजी दुसरेच नाव येते हे गिऱ्हाइकाने पाहिले. कागद पाहून यातले काहीच कळले नसते. काळ्या-पांढऱ्या चौकटी सगळ्या सारख्याच दिसतात.

पण नाव वेगळे आले म्हणजे फसवणूक झाली, असेही समजू नका. पाटीवर चहाच्या टपरीचे नाव असते आणि खाते टपरीवाल्याच्या बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असते. हे रोजचे आहे. कोड बनवणारा त्यात हवे ते नाव घालू शकतो, म्हणून बँकेत नोंदलेले नाव महत्त्वाचे. काही ॲपमध्ये ते `Banking name` असे लिहून दाखवतात. तेच वाचा.

आता दुकानदाराला विचारायचे कसे? आपण नाव वाचून "हेच ना?" म्हटले, तर गर्दीत तो न ऐकताच मान हलवतो. म्हणून आपण नाव सांगायचे नाही. "दादा, नाव कोणाचे येते?" असे विचारायचे आणि त्याला बोलू द्यायचे. त्याने सांगितलेले नाव आणि पडद्यावरचे नाव जुळले तर पुढे जा. जुळले नाही तर मागे फिरा आणि कोड बदललेला दिसतो असे त्याला सांगा. तोवर आपला एक पैसाही गेलेला नसतो.

दुसरी गोष्ट रक्कम. टपरीवरच्या, किराणा दुकानातल्या छापील कोडमध्ये रक्कम नसते, ती आपणच टाकायची असते. चूक इथेच होते. समजा बिल 85 रुपये 50 पैसे आहे. टिंब नीट दाबले गेले नाही, तर 85.50 चे 8550 होतात. खात्यात शिल्लक असेल आणि दिवसाची मर्यादा आडवी आली नाही, तर तेवढे जातात. पैसे सुटे करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल तर दुकानदाराला विचारून पूर्ण रुपयांत द्या.

रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काही ठिकाणी बाहेरच्या छोट्या पडद्यावर कोड येतो. त्यात भाडे आधीच भरलेले असते, आपल्याला काही टाकावे लागत नाही. तिथे काम एवढेच, की बुकिंग बाबूने सांगितलेले भाडे आणि मोबाईलवरचे भाडे एकच आहे का ते पाहणे. तिकिटे तीन मागितली आणि भाडे दोघांचेच दिसले, तर पैसे देण्याआधी बोला.

रक्कम भरून पुढे गेलो की पिनचा पडदा येतो, चार किंवा सहा आकड्यांचा. आपली नजर खालच्या आकड्यांवर जाते. त्याच पडद्यावर वर बँक, पैसे घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम पुन्हा लिहिलेली असते. ती ओळ एकदा वाचा. पिन दिला की पैसे लगेच जातात, मध्ये थांबवता येत नाहीत. आणि पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हटले, तर त्या पडद्यावरही रक्कम आपल्याच खात्यातून जाणार असते.

एवढे करूनही जादा रक्कम गेली तर? दुकानदार समोर आहे तोवर बोला. त्याला जमा झाल्याचा संदेश दाखवायला सांगा आणि जादाचे पैसे तिथेच परत घ्या. बँक त्याच्या संमतीवाचून ते परत आणून देत नाही. कोड बदलून कोणी पैसे नेले असतील तर गोष्ट वेगळी: लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा, आणि व्यवहाराचा क्रमांक ॲपच्या नोंदीतून उतरवून ठेवा. तक्रार घेताना तो विचारतात.