पाटल्या, गुरुवारी दुपारी चार



आजच्या भागात पाहुणा नाही, मी एकटाच आहे. बारा दिवसांनी मी नेदरलँड्सला चाललोय, आइंडहोवनला. नोकरी तिकडे आहे, निदान तीन वर्षं तरी. बॅग भरणं, व्हिसा, भाड्याचं घर यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, म्हणून त्यावर बोलत नाही. मला बोलायचंय एका मेसेजबद्दल. माझ्या मित्राला, म्हणजे पाटल्याला, मी निघण्याआधी एक मेसेज लिहिलाय. त्याला विचारूनच तो आज वाचून दाखवणार आहे. पण त्याआधी तो तसा का लिहिला, ते सांगतो.

निरोपाचे मेसेज साधारण कसे असतात? 'मिस करीन भावा', 'टचमध्ये राहू', 'रोज फोन करत जा'. भावना खऱ्याच असतात. पण त्यात कधी, कसं, कोणी हे काहीच नसतं. आणि मैत्री तुटते ती बहुतेक वेळा भांडून नाही. 'आज उशीर झालाय, रविवारी निवांत बोलू' असं म्हणत म्हणत ती पातळ होते. निवांत रविवार येत नाही. मग बोलायचं इतकं साठतं की पाच मिनिटांचा फोन करायलाच संकोच वाटतो. वाढदिवसाला केक आणि हार्टचा इमोजी, बस.

म्हणून मी आधी आमच्या दोघांच्या वेळा कागदावर मांडल्या.

पाटल्या चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. सुट्टी गुरुवारी. माझी सुट्टी शनिवार-रविवार. म्हणजे 'रविवारी बोलू' इथेच बाद, कारण रविवारी तो लाइनवर असतो आणि फोन लॉकरमध्ये.

आता घड्याळ बघा. उन्हाळ्यात नेदरलँड्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. समजा मी संध्याकाळी सहाला ऑफिसमधून निघून फोन केला. उन्हाळ्यात इथे साडेनऊ वाजलेले असतील. पाटल्याची पहिली पाळी असेल तर कसंबसं जमेल. ऑक्टोबरनंतर त्याच वेळी इथे साडेदहा होतील, आणि पहाटे पाचला उठणारा माणूस साडेदहाला झोपलेला असतो. दुसऱ्या पाळीत तर तो त्या वेळी मशीनसमोर. शनिवार-रविवारी काही पाळ्यांत जमतं, पण दर आठवड्याला वेळ नव्याने ठरवावी लागते. आणि जी गोष्ट दर वेळी ठरवावी लागते, तीच आधी टळते.

एकच जागा अशी सापडली जी तिन्ही पाळ्यांत आणि दोन्ही ऋतूंत टिकते: गुरुवार, माझी जेवणाची सुट्टी, तिकडचे साडेबारा. इथे उन्हाळ्यात चार, हिवाळ्यात पाच. पाटल्याच्या चहाची वेळ. अर्धा तास. वेळ एवढीच, पण ती हलत नाही.

एक छोटी टेक्निकल गोष्ट. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याचा इव्हेंट टाकताना टाइमझोन निवडता येतो. मी तो ॲमस्टरडॅमचा ठेवलाय, कारण पक्की आहे ती माझी जेवणाची सुट्टी. ऑक्टोबरमध्ये तिकडची घड्याळं फिरली की पाटल्याच्या फोनवर तोच इव्हेंट आपोआप चारचा पाच होईल. भारतीय वेळेला बांधला असता तर हिवाळ्यात माझ्याकडे तो साडेअकराला आला असता, नेमका मीटिंगमध्ये.

दुसरा मुद्दा. नुसतं बोलणं आम्हाला पुरेल का? आम्ही कधी समोरासमोर बसून मन वगैरे मोकळं केलेलं नाही. हॉस्टेलपासून आम्ही काहीतरी करत असतो आणि करता करता बोलतो. रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी सॅम रॉबर्ट्स यांचा ब्रिटनमधला एक अभ्यास आहे. शाळा संपून पुढे गेलेल्या तरुणांच्या मैत्र्यांवर त्यांनी दीड वर्ष लक्ष ठेवलं. मुलींच्या मैत्र्या टिकवण्यात बोलण्याचा वाटा जास्त दिसला, मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करण्याचा. अभ्यास लहान होता, जेमतेम ३० जणांचा, त्यामुळे तो सगळ्यांना लागू होईल असं नाही. पण आम्हा दोघांना वाचून हसू आलं, कारण ते आमचंच वर्णन होतं.

मग दुरून एकत्र काय करायचं? ऑनलाइन गेम खेळायचा तर दोघांनी एकाच वेळी हजर पाहिजे, म्हणजे पुन्हा पाळीचा घोळ. आम्ही मेसमध्ये बुद्धिबळ खेळायचो. lichess.org वर पत्राने खेळतात तसा डाव लावता येतो, एका चालीला काही दिवसांची मुदत. आम्ही तीन दिवस ठेवलेत. तो कंपनीच्या बसमध्ये चाल करेल, मी बसस्टॉपवर. चाळीस चालींचा डाव असा काही महिने चालतो. 'काय चाललंय' विचारायला कारण लागतं, 'वजीर का हलवलास गाढवा' याला लागत नाही.

तिसरा मुद्दा जड आहे. पाटल्याच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. त्याची पहिली पाळी असली की मंगळवारी काकांना घेऊन मी जातो आणि बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून काम करतो. दीड वर्ष हे असं चाललंय. हे काम व्हिडिओ कॉलवर होत नाही. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य तिकडून म्हणणं सोपं आहे, पण त्याचा पाटल्याला मंगळवारी सकाळी साडेसहाला काय उपयोग? दूर जाताना जे आपल्याला करता येणार नाही, ते दुसऱ्याच्या हातात देऊन जायला हवं, असं मला वाटतं. म्हणून मेसेजचा तो भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चौथं म्हणजे, हा मेसेज मी विमानतळावरून पाठवला नाही. तिथे सगळे रडवेले असतात, माणूस कशालाही 'हो रे हो' म्हणतो. बारा दिवस आधी पाठवला, म्हणजे पाटल्याला 'हे जमणार नाही' म्हणायला वेळ मिळेल. आणि व्हॉइस नोट न करता टाइप केला. व्हॉइस नोटमध्ये गळा दाटतो ते ठीक आहे, पण डिसेंबरमध्ये 'आपलं काय ठरलं होतं' ते त्यात शोधता येत नाही.

तर वाचतो.

"पाटल्या, हा मेसेज स्टार करून ठेव. मोठा आहे, बसमध्ये वाच.

पहिलं, गुरुवारी चार वाजता मी फोन करीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर पाच वाजता, कॅलेंडर आपोआप सांगेल. बोलायला काही नसलं तरी उचल. चहा पीत गप्प बसलो तरी चालेल, तसेही आपण गप्पच बसतो. एखादा गुरुवार बुडाला तर सॉरी नको, कारण नको. लागोपाठ दोन बुडाले तर ज्याच्या आधी लक्षात येईल त्याने मिळेल त्या वेळी फोन करायचा. कोणी किती वेळा केला याचा हिशोब ठेवायचा नाही.

दुसरं, मला मोठ्या बातम्या राखून ठेवू नकोस. प्रमोशन झालं की ग्रुपवर कळेलच. मला हे सांग की सुपरवायझर आज काय बोलला, बस कुठे अडकली, काकूंनी कोणाला झापलं. मीही तसंच सांगीन. बर्फाचे फोटो पाठवून तुला पिडणार नाही.

तिसरं, काका. मंगळवारसाठी तुझ्या चुलतभावाशी बोललोय. तुझी पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो येईल. मागच्या दोन मंगळवारी तो माझ्याबरोबर आला होता, त्याने सगळं बघितलंय. एका कागदावर लिहून तुमच्या फ्रिजवर लावलंय: फिस्टुला डाव्या हाताला आहे, त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, रक्तही काढू द्यायचं नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं वजन वहीत लिहायचं. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले तर काका सांगत नाहीत, चेहऱ्यावरून ओळखून लगेच सिस्टरला हाक मारायची. वहीच्या पानाचा फोटो मला टाकत जा. मी तिथून काही करू शकणार नाही, पण मला माहीत असलेलं बरं.

चौथं, रात्री-अपरात्री काही झालं तर माझ्याकडे किती वाजलेत ते बघू नकोस. तुझा नंबर फोनमध्ये असा लावलाय की सायलेंटवर असतानाही वाजेल. माझा भारतातला नंबर चालू राहील, धाकटा भाऊ रिचार्ज करत राहील. रिचार्ज थांबलं की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी मिळतो, मग तू रात्री दोनला अनोळखी माणसाला उठवशील. तिकडचा नंबरही पाठवतो, दोन्ही सेव्ह कर.

पाचवं, तुझी चाल आहे. घोडा धोक्यात आहे, बघ.

एक गोष्ट तोंडावर बोलता येणार नाही म्हणून लिहितो. त्या बाकावर बसून मी जेवढं काम केलं तेवढं ऑफिसात कधी झालं नाही. काका आत असायचे, तू कंपनीत, आणि मला वाटायचं की आपण तिघं एकाच घरातले आहोत. ते बाक सोडून जाणं मला जड जातंय."

एवढाच मेसेज आहे.

पाटल्याचं उत्तर चार तासांनी आलं, पाळी सुटल्यावर. त्यात दोन दुरुस्त्या होत्या. एक, गुरुवारी चारला तो कधीकधी काकांना ओपीडीत नेतो, तेव्हा फोन तिथूनच होईल, मागे टोकन नंबरचा आवाज येईल, चालवून घे. दुसरी, वहीचा फोटो तो पाठवणार नाही. काका स्वतः पाठवतील. त्यांना व्हॉट्सॲप येतं, आणि 'त्यालाही काहीतरी काम पाहिजे' असं काका म्हणाले.

ही दुसरी दुरुस्ती मला सुचली नसती. वेळ देऊन, उत्तराला जागा ठेवून मेसेज पाठवला, त्याचा हा फायदा.

तुमचं कोणी चाललं असेल, किंवा तुम्हीच निघाला असाल, तर आधी दोघांचा आठवडा एका कागदावर मांडा आणि न हलणारा अर्धा तास शोधा. तुम्हाला कोणता सापडला ते मला नक्की सांगा.

पुढचा भाग आइंडहोवनहून. रेकॉर्डिंग गुरुवारी नसेल, एवढं नक्की. भेटू.