परिचारिकेचा राजीनामा



आपल्या मीरा-भाईंदरमधील कितीतरी मुली खासगी इस्पितळांत परिचारिका आहेत. जीएनएम झालेली मुलगी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम घ्यायला निघाली, की तिला राजीनामा लिहावा लागतो. तो कसा लिहावा, एवढेच आज सांगते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला प्रवेश मिळाला. ती म्हणाली, “मावशी, दोन ओळी खरडून देऊ का?” मी म्हटले, “आधी नेमणुकीचे पत्र काढ.” त्यात एक महिन्याची पूर्वसूचना लिहिली होती. कॉलेज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होते. तिने पत्रावर २८ जून तारीख घातली. पण मेट्रन रजेवर होत्या आणि पत्र हाती पडले १ जुलैला. आम्ही महिना पोचेच्या तारखेपासून धरला आणि शेवटचा दिवस ३१ जुलै लिहिला. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का व तारीखही घेतली. अशी पोच नसली, तर पत्र केव्हा दिले याचा वाद झाल्यास हाती काहीच राहत नाही.

पत्र असे होते:

“मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, मेट्रन यांच्यामार्फत. मी अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगसाठी मला प्रवेश मिळाला असल्याने मी राजीनामा देत आहे. ३१ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असावा. तोपर्यंत औषधांची नोंदवही व विभागातील साहित्य मी सोपवीन. कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती.”

रात्रपाळ्यांची तक्रार तिला त्यात घालायची होती. मी ती गाळायला लावली. हे पत्र तिच्या फायलीत राहणार, आणि दाखला त्याच कचेरीतून यायचा.

त्या दाखल्याचे मोल पुढे कळते. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिक केलेल्या मुलीचा तो अभ्यासक्रमापूर्वीचाही चालतो. म्हणून दाखल्यावर हुद्दा, विभाग आणि कामाचा पहिला व शेवटचा दिवस स्पष्ट हवा. नुसते “चांगले काम केले” उपयोगाचे नाही.

सरकारी नोकरीतील भगिनींना मात्र माझे सांगणे उलट आहे. राजीनामा लिहिण्याआधी अध्ययन रजा मिळते का, हे कचेरीत विचारा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ ज्यांना लागू आहेत, त्यांनी शिक्षणासाठी राजीनामा दिला तर मागची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाते. रजेत नोकरी टिकते. पण परतून ठरलेला काळ सेवा करण्याचा बंधपत्रलेख द्यावा लागतो. तो नीट वाचूनच सही करावी.