रात्रीची खाज आणि फोटोतील खरूज
(पनवेल येथील व्याख्यानाचा मजकूर)



त्वचारोगावर बोलावे असे कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही खरूज हा विषय निवडला. हा काय सभेत बोलायचा विषय, असे एका स्नेह्याने म्हटलेही. म्हणून आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकीकतच सांगतो.

वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी गणपतीला पनवेलला घरी आला. पोटावर पुरळ होते, खाज होती. मोबाईलवर फोटो काढून त्याने ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. ‘ॲलर्जी दिसते’ असे उत्तर आले. गोळीने भागले नाही, तेव्हा तोच फोटो औषधाच्या दुकानात दाखवला. तिथे गजकर्ण ठरले आणि स्टेरॉईड मिसळलेले मलम हाती पडले. लाली कमी झाली, मुलगा परत गेला. पाचेक आठवड्यांनी आई आणि नऊ वर्षांची बहीण रात्रभर खाजवू लागल्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळे कुटुंब आमच्याकडे आले.

हे पाच आठवडे ध्यानात ठेवा. खरजेचा किडा त्वचेत शिरल्याबरोबर खाज सुटत नाही. मादी जेमतेम 0.4 मिलिमीटरची. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बीळ कोरते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि तिथेच विष्ठा टाकते. या सगळ्याविरुद्ध शरीर चिडते, तेव्हा खाज सुरू होते, आणि पहिल्या वेळी त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि लागण मात्र पसरवतो. एकदा खरूज होऊन गेलेल्याला पुन्हा लागण झाली, तर खाज एक-दोन दिवसांतच सुटते. रात्री अंथरुणाच्या उबेत ती वाढते. पण रात्रीची खाज म्हणजे खरूजच असे नव्हे. इसबही रात्री खाजते. मात्र एका घरातील तिघे एकाच सुमारास रात्री खाजवू लागले, तर संशय बळावतो.

मुलाच्या पोटावर आम्हाला नखांचे ओरखडे आणि फोड याखेरीज काही मिळाले नाही. फोटोत नेमके तेच होते. साध्या खरजेत अंगभर पुरळ असले तरी किडे सरासरी दहा-पंधराच असतात. ते बहुधा बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेभोवती, काखेत आणि जांघेत असतात. फोटो काढणारा लालभडक जागेचा फोटो काढतो, आणि जांघेचा तर कोणी काढतच नाही.

मनगटावर मात्र पाच-सहा मिलिमीटरची एक नागमोडी, मळकट रेघ दिसली. तिच्यावर फाउंटन पेनची शाई लावली आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बाकीची शाई गेली, बिळात शिरलेली राहिली आणि रेघ निळी उमटली. टोकाची त्वचा खरवडून तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दोन अंडी दिसली. निदान पक्के झाले. काही मिळाले नसते, तरी खरूज नाही असे आम्ही म्हटले नसते. दहा किड्यांपैकी एक चुकणे सहज शक्य आहे.

त्वचा पाहण्याचे खास भिंग असते. त्यातून किड्याचे डोके बारीक तपकिरी त्रिकोणासारखे दिसते, आणि असा फोटो खरोखर उपयोगी पडतो. पण आपल्या सावळ्या कातडीवर तो त्रिकोण सहज निसटतो. साध्या मोबाईलच्या फोटोत कीटकदंश, इसब आणि खरूज एकसारखेच दिसतात. त्यात स्टेरॉईड मलम लावलेले असले, की खुणा आणखी पुसट होतात आणि किडे मात्र तसेच राहतात.

आईने हळूच विचारले, “डॉक्टर, आमच्या घरात अस्वच्छता आहे का हो?” नाही, बाई. किडा त्वचेच्या आत असतो, रोजच्या आंघोळीने तो जात नाही. तो अंगाला अंग बराच वेळ लागून पसरतो, आणि वसतिगृहात किंवा एका अंथरुणात ते होणारच.

वडिलांना खाज नव्हती, तरी चौघांनाही एकाच रात्री पाच टक्के परमेथ्रिनचे मलम लावायला सांगितले. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखालीसुद्धा, आणि आंघोळ सकाळी. आठवड्याने पुन्हा तसेच. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवायच्या. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचे. मुलाच्या खोलीतील सोबत्यांनाही त्याच वेळी औषध द्यावे, असे वसतिगृहाला पत्र दिले.

दुसऱ्या वेळेनंतर दहा दिवसांनी मुलाने पुन्हा पोटाचा फोटो पाठवला. ‘खाज आहेच, औषध लागू पडले नाही का?’ किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. ही उरलेली खाज की नवी लागण, हे फोटोवरून आम्हालाही सांगता येईना. त्याला बोलावून घेतले आणि बेचक्या, मनगटे, कंबर तपासली. नवे बीळ एकही नव्हते. खाजेसाठी साधे औषध दिले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. तेव्हा तो रात्री शांत झोपत होता.