नव्या नोकरीचा पहिला आठवडा : फर्दापूरच्या रिसेप्शनवरून

आज बोलायचंय नव्या नोकरीच्या पहिल्या सात दिवसांबद्दल. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी साधायच्या असतात. सोबतच्या माणसांशी जुळलं पाहिजे, आणि आपण आल्यामुळे काहीतरी बरं झालं हे दिसलं पाहिजे. बरेच जण या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतात. ओळखी चहाच्या टपरीवर करायच्या आणि कामाची चमक साहेबांपुढे दाखवायची, असं. माझं म्हणणं असं, की पहिल्या आठवड्यात या दोन्ही एकाच कामातून साधाव्यात. दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावरचा भार हलका होईल असं एक छोटं काम शोधायचं. ते झालं की नातंही होतं आणि कामही दिसतं.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करतो, त्यामुळे उदाहरण त्यातलंच. समजा, फर्दापूरला वीस खोल्यांच्या एका हॉटेलात तुम्ही सोमवारी रिसेप्शनवर जॉइन होताय.

फर्दापूर म्हणजे अजिंठा लेण्यांचं दार. जळगाव–संभाजीनगर रस्त्यावर टी-पॉइंट आहे. तिथे आपली गाडी लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने लेण्यांकडे जायचं. लेणी सकाळी नऊला उघडतात आणि सोमवारी बंद असतात. एवढ्या माहितीवर इथल्या प्रत्येक हॉटेलचा आठवडा चालतो. आणि हॉटेलातल्या रोजच्या भांडणाचं मूळही त्यातच आहे.

ते कसं, बघा. पाहुणा संध्याकाळी येतो, मुक्काम करतो आणि सकाळी लेणी बघायला निघतो. लेणी नीट बघायची तर तीन-चार तास लागतातच. म्हणजे तो परत येणार दीडच्या सुमाराला. पण आपल्या या हॉटेलात चेक-आउट सकाळी दहाला आहे, आणि नव्या पाहुण्याला खोली द्यायची बारा वाजता. पाहुणा लेण्यांत आणि त्याची बॅग खोलीत. हाउसकीपिंगच्या ताई दाराशी येऊन परत जातात. बारा वाजता जळगावहून आलेलं कुटुंब लॉबीत बसलेलं असतं. रिसेप्शन म्हणतं, हाउसकीपिंगला उशीर झाला. हाउसकीपिंग म्हणतं, रिसेप्शनने खोली सोडवली नाही.

आता तुमचा पहिला दिवस, सोमवार. लेणी बंद, त्यामुळे रविवारी आलेले पाहुणे सकाळीच पुढे निघून जातात. खोल्या वेळेवर रिकाम्या, लॉबी शांत. हा गाठ न दिसणारा दिवस आहे. त्यावरून ‘इथे सगळं सुरळीत आहे’ असं ठरवू नका. पण माणसं भेटायला हाच दिवस चांगला, कारण सगळ्यांना थोडी उसंत असते. हाउसकीपिंगच्या ताईंना म्हणा, ‘ताई, मला सगळ्या खोल्या एकदा दाखवाल का?’ आणि त्यांच्यासोबत वीसही खोल्या फिरा. कुठला गिझर उशिरा तापतो, कुठल्या खोलीत चौथी गादी बसते, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. शेवटी एकच प्रश्न विचारा : ‘रिसेप्शनकडून तुम्हाला कधी त्रास होतो?’ मग गप्प बसून ऐका. आपल्या आधीच्या माणसाची बाजू घेऊ नका आणि त्याला नावंही ठेवू नका. हाच प्रश्न किचनमध्ये विचारा आणि गेटवरच्या काकांनाही विचारा. तीनपैकी दोघांनी एकाच गोष्टीचं नाव घेतलं, तर ती तुमच्या कामाची.

मंगळवारी आपलं नेमून दिलेलं काम शिका. ओळखपत्र बघणं, रजिस्टर भरणं, बिल काढणं, शिफ्ट बदलताना लॉगबुकात नोंद करणं. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, तेही शिकून घ्या. अजिंठ्याला बाहेरच्या देशांतले पाहुणे येतातच. हे पक्कं येत नसताना सुधारणा सुचवायला गेलात, तर जुने लोक एकमेकांकडे बघून हसतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

बुधवारी मोजायचं. खिशात छोटी वही ठेवा आणि फक्त तीन गोष्टी लिहा : दहा वाजता किती खोल्या खरंच रिकाम्या झाल्या, किती खोल्यांत नुसतं सामान होतं, आणि बारानंतर किती पाहुणे लॉबीत थांबले.

समजा त्या दिवशी बारा खोल्यांचं चेक-आउट होतं. दहापर्यंत पाच रिकाम्या झाल्या, सातमध्ये सामान राहिलं. खोली साफ करायला दोन ताई आहेत आणि एका खोलीला अर्धा तास लागतो. पहिल्या पाच खोल्या साडेअकरापर्यंत होतात. त्यानंतर दोघी रिकाम्या बसतात, कारण पुढची खोली मोकळीच नाही! दीडला सात खोल्या एकदम सुटतात. एकीला चार, दुसरीला तीन. शेवटची खोली तयार व्हायला साडेतीन वाजतात. म्हणजे ताईंचा वेग कमी नाही. त्यांचे मधले दोन तास वाया जातात आणि मग सगळं अंगावर येतं. ही वही नसती तर कोणीही ‘आणखी एक बाई ठेवा’ असंच म्हणालं असतं.

गुरुवारी आधी ताईंकडे जा, साहेबांकडे नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांना वही दाखवा आणि विचारा, ‘सकाळी चार खोल्या लवकर सुटल्या तर तुम्हाला बरं पडेल का?’ त्या काय दुरुस्ती सांगतात ती लिहून घ्या. कदाचित त्या म्हणतील, वरच्या मजल्याच्या चार एकत्र सुटल्या तर बरं, सारखं खाली-वर नको. मग मॅनेजर साहेबांकडे जा आणि फक्त दोन दिवसांची परवानगी मागा. मागणी अशी : संध्याकाळी चेक-इन करतानाच पाहुण्याला विचारायचं, ‘उद्या लेणी बघून निघणार ना? मग सकाळी खोली सोडून सामान आमच्याकडे ठेवा. परत आल्यावर हात-पाय धुवायला, कपडे बदलायला एक खोली ठेवलेली आहे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. पाहुणा खोली सोडत नाही तो बॅगेसाठी नाही, बऱ्याचदा उन्हातून आल्यावर अंघोळ करता यावी म्हणून. ती सोय दिली की त्याची हरकत उरत नाही. मात्र त्या दिवशी एक खोली विकायची नाही, आणि हे ठरवायचा अधिकार साहेबांचा आहे. हॉटेल भरलेलं असेल तर ते नाही म्हणतील. तेव्हा खाली स्टाफचं स्वच्छ बाथरूम चालेल का, एवढंच विचारा.

सामानाची जागा कुलूपबंद हवी. प्रत्येक बॅगेला नंबरचं टोकन, अर्धं बॅगेवर आणि अर्धं पाहुण्याच्या हातात. रजिस्टरमध्ये खोली नंबर, बॅगांची संख्या आणि सही. दागिने, रोख, लॅपटॉप ठेवून घ्यायचे नाहीत, हे तोंडाने स्पष्ट सांगायचं. एक बॅग हरवली तर तुमचा पहिला आठवडा सगळ्यांच्या लक्षात राहील, पण नको त्या कारणासाठी.

शुक्रवारी आणि शनिवारी करून बघा. रात्री शिफ्ट संपायच्या आधी ‘सकाळी लवकर सुटणाऱ्या खोल्या’ अशी चिठ्ठी ताईंसाठी लिहून ठेवा. तीच नोंद लॉगबुकात करा, म्हणजे सकाळच्या शिफ्टच्या माणसाला आश्चर्य वाटणार नाही. समजा सातपैकी चार पाहुण्यांनी ऐकलं. आता दहापर्यंत नऊ खोल्या मोकळ्या आहेत. एकीला पाच, दुसरीला चार, म्हणजे साडेबाराला नऊही तयार. उरलेल्या तीन दीडला सुटल्या की अडीचपर्यंत होतात. शेवटची खोली एक तास आधी मिळाली, आणि बाराला आलेल्या बहुतेकांना थांबावं लागलं नाही. पगार वाढला नाही, माणूस वाढला नाही. संध्याकाळचा एक प्रश्न वाढला.

आता हे बिघडतं कुठे? पहिलं, तुम्ही पाहुण्याला न विचारता गृहीत धरता. चिठ्ठीत चार खोल्या असतात आणि सकाळी दोनच सुटतात. ताई दोनदा जिना चढून परत येतात, आणि तिसऱ्या दिवशी तुमची चिठ्ठी कोणी वाचत नाही. म्हणून ज्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं, तीच खोली लिहा. दुसरं, लहान मूल किंवा वयस्क माणूस सोबत असेल तर आग्रह करू नका. ते लेण्यांतून लवकर परत येऊ शकतात, त्यांना टेकायला खोली लागते. तिसरं, खोली लवकर मिळतेय हे दिसताच तुम्ही फोनवर सगळ्यांना ‘अकरालाच या’ सांगू लागता. जो वेळ ताईंना मिळाला, तो तुम्ही पाहुण्यांना वाटून टाकला. ताईंचा चेहरा बघा. चिठ्ठी घेताना त्या काही बोलेनाशा झाल्या, तर समजा भार परत त्यांच्यावर गेलाय.

रविवारी साहेबांना सांगायला दोन मिनिटं पुरतात. ‘सर, बुधवारी शेवटची खोली साडेतीनला मिळाली होती, काल अडीचला. मजल्याप्रमाणे खोल्या सोडवायची कल्पना ताईंची होती.’ ताईंचं नाव त्यांच्यासमोरच घ्या. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे जोडा : दोन दिवसांवरून पक्कं काही म्हणता येत नाही, अजून एक आठवडा करून बघू द्या. शनिवारची गर्दी आणि बुधवारची गर्दी सारखी नसते, हे साहेबांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते तुम्हालाही माहीत आहे, एवढं त्यांना कळू द्या.

तुमची नोकरी बँकेत असेल, शोरूममध्ये असेल, नाहीतर पुण्यात कॉम्प्युटरसमोर असेल. तिथेही दोन टेबलांच्या मधे असं एखादं सामान अडकलेलं असतंच. हे टेबल म्हणतं त्याच्यामुळे, ते म्हणतं याच्यामुळे. तुम्ही नवे आहात, अजून कुठल्याच बाजूचे नाही. म्हणून ‘तुम्हाला आमच्याकडून काय त्रास होतो?’ हा प्रश्न तुम्ही विचारू शकता आणि समोरचा खरं उत्तर देतो. महिन्याभराने तुम्हीही एका बाजूचे झालेले असाल. तेव्हा तो पहिल्या आठवड्यातच विचारा.

या सोमवारी कोणी जॉइन होणार असेल, तर एक छोटी वही आजच घेऊन ठेवा. भेटू पुढच्या भागात.