सहा इंचांचा हिशोब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बिल्डरला खोल्यांच्या मापांबद्दल आपण पहिलं पत्र लिहिलं, त्याविषयी बोलावं अशी सेक्रेटरींनी सूचना केली. आज आपली बरीच मुलं स्वतःची घरं घेत आहेत, त्यांना ते उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

ताबा मिळाल्यावर बी विंगमध्ये बोलणं सुरू झालं की बेडरूममध्ये कपाट बसत नाही. करारात खोली बारा फूट बाय दहा फूट होती. टेप लावली तर अकरा फूट पाच इंच बाय नऊ फूट अकरा इंच भरली. म्हणजे १२० चौरस फुटांऐवजी सुमारे ११३. सात फूट गेले म्हणून लगेच पत्र धाडावं, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

आमच्यातले एक काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी प्लॅस्टर वजा करा, नाहीतर तो एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होईल." नकाशातली मापं साधारणपणे विटेपासून विटेपर्यंत असतात. दोन्ही भिंतींचं प्लॅस्टर मिळून एक इंच जातो. बाथरूममध्ये टाइल्समुळे आणखी जातो. शिवाय टेप स्कर्टिंगच्या वर धरायची, आणि भिंत वाकडी असू शकते म्हणून एकाच खोलीत दोन-तीन ठिकाणी मोजायचं.

तसं केल्यावर चित्र बदललं. रुंदीतला एक इंच प्लॅस्टरचा, त्याबद्दल तक्रार नाही. लांबीत मात्र सात इंच कमी होते. त्यातला एक प्लॅस्टरचा, उरले सहा. म्हणजे खरी तूट सुमारे पाच चौरस फूट.

मग काकांनी विचारलं, "हे सहा इंच गेले कुठे?" शेजारच्या खोलीला मिळाले असते, तर घराचं क्षेत्र तेवढंच राहिलं असतं आणि तक्रार वेगळी झाली असती. त्या भिंतीपलीकडे पाइपांचा डक्ट आहे. गच्चीवरून मोजला तर नकाशात चार फूट असलेला डक्ट जवळपास साडेचार फूट निघाला. भिंत आत सरकली होती, आणि खालपासून वरपर्यंत चारही घरांत तेवढीच.

मग पत्र लिहिलं. मुख्य मजकूर असा होता :

"करारासोबतच्या मंजूर नकाशात या बेडरूमची लांबी १२ फूट आहे. प्रत्यक्षात ती ११ फूट ५ इंच भरते. प्लॅस्टरचा एक इंच आम्ही सोडला आहे. उरलेले सहा इंच डक्टकडील भिंत आत घेतल्याने कमी झाले असून या बदलास आमची संमती घेतलेली नाही. आपल्या आर्किटेक्टसह १५ दिवसांत समक्ष मोजणी करावी, लेखी खुलासा द्यावा आणि कमी क्षेत्राची रक्कम करारातील दराने परत करावी."

सोबत मापांचा तक्ता आणि करारातल्या नकाशाची प्रत जोडली, चौघांनी सह्या केल्या आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याचं कलम ७ त्यात नमूद केलं. संमतीशिवाय केलेला बदल ताब्यापासून तीन वर्षांच्या आत कळवला, तर तो शक्य असेल तिथे बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करायचा, नसेल तर वाजवी भरपाई द्यायची, असं ते कलम सांगतं.

बिल्डर तोंडी म्हणालाच, "अहो, प्लॅस्टरमुळे कमी दिसतं." आम्ही तक्ता पुढे केला. त्याचा आर्किटेक्ट आला, त्याने स्वतः टेप धरली आणि सहा इंच मान्य केले. भिंत हलवणं शक्य नव्हतं. आमचा दर चौरस फुटाला १,४०० रुपये होता, म्हणून प्रत्येकी ७,००० रुपये शेवटच्या हप्त्यातून वजा झाले.

आता नव्या घरांना रेरा लागू आहे. त्यातल्या कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे खोल्यांची बेरीज कार्पेट एरियापेक्षा कमीच येणार, ती फसवणूक नव्हे. महारेराच्या नमुना करारात क्षेत्रफळातल्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापलीकडे क्षेत्र कमी भरलं, तर जास्त घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे.

आमची तूट या तीन टक्क्यांतच बसली असती. म्हणून मुलांनो, पत्रात नुसतं क्षेत्रफळ लिहू नका. कुठली भिंत, किती इंच सरकली ते लिहा, आणि त्या बदलाबद्दल आर्किटेक्टचा दाखला व तुम्हाला दिलेली पूर्वसूचना मागा. करार करतानाच खोल्यांची मापं घातलेला नकाशा त्याला जोडून घ्या. तो नसेल, तर टेप लावून तुलना करणार कशाशी?