चित्राखालची ओळ
(करोल बाग येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



आमच्या भित्तिपत्रकासाठी शिक्षकांच्या क्रिकेट सामन्याचे एक छायाचित्र आले. यष्ट्या उडालेल्या, आणि गुरुजी हातातली बॅट निरखीत उभे. 'गुरुजी त्रिफळाचीत' असे लिहिणे म्हणजे दिसते तेच पुन्हा सांगणे. मुलांनी लिहिले : 'खेळता येईना, बॅट वाकडी.'

नाचणे गेले, अंगण गेले; 'येईना' आणि वाकडेपणा तेवढा राहिला. एवढ्या खुणेवर म्हण ओळखली जाते, आणि ओळखण्यातच मुलांना गंमत वाटते. इथल्या मुलांना तर ती लवकर सापडते, कारण गल्लीत 'नाच न जाने आँगन टेढ़ा' कानांवर पडतच असते.

दुसऱ्या एका चित्राखाली मी 'पळसाला पाने तीनच' सुचवले, ते मात्र फसले. वास्तविक 'ढाक के तीन पात' मुलांनी ऐकलेले होते; पण ढाक म्हणजेच पळस, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते समजावून सांगेपर्यंत हसू विरून गेले.

बॅटची ओळ गुरुजींना विचारूनच लावली होती. हरलेल्या मुलाच्या चित्राखाली मी ती लावू दिली नसती.