कन्सल्टंटला लिहायचं पत्र : पद, पगार आणि गुप्तता



मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणं हा माझा व्यवसाय. इंग्रजीत हे करणाऱ्याला हेडहंटर म्हणतात, पुण्यात सगळे नुसतं ‘कन्सल्टंट’ म्हणतात. नोकरी बदलू पाहणाऱ्या अनुभवी माणसांची पत्रं मला रोज येतात आणि त्यांतली बहुतेक एका छापाची असतात. ‘माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे. योग्य आणि आव्हानात्मक संधीच्या शोधात आहे. पगार चर्चेनं ठरवता येईल. कृपया गोपनीयता राखावी.’ पत्र नम्र असतं, पण त्यावरून मला काहीच करता येत नाही. योग्य संधी कोणती, चर्चा कुठल्या आकड्यापासून सुरू करायची, गोपनीयता नेमकी कोणापासून राखायची, यातलं काहीच त्यात नसतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मला पैसे कोण देतं? उमेदवार देत नाही, कंपनी देते. काही कंपन्या शोधाचं काम एकाच कन्सल्टंटकडे सोपवतात आणि फी हप्त्यांत देतात; पहिला हप्ता काम सुरू होतानाच मिळतो. काही कंपन्या तेच पद चार जणांना सांगतात आणि ज्याचा माणूस रुजू होईल त्यालाच फी देतात. ही फी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, किंवा त्याहून जास्त असते. दुसऱ्या प्रकारात साहजिकच घाई असते. बायोडेटा आधी पोचवणाऱ्याचा हक्क लागतो, म्हणून काही जण उमेदवाराला न विचारताच तो पाठवून देतात. गुप्तता फुटते ती बऱ्याचदा इथे, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी समोरचा कोणत्या पद्धतीनं काम करतो ते विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे आणि हे गृहस्थ तिथे परचेसचे प्रमुख आहेत. कास्टिंग, फोर्जिंग आणि मशिनिंगची खरेदी त्यांच्याकडे. वय पंचेचाळीसच्या आसपास, मुलगी बारावीत. वर बढतीला जागा नाही, कारण वरचे साहेब त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत.

‘सप्लाय चेनमध्ये काहीही चालेल,’ असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. ‘काहीही’ ऐकून माझ्या डोक्यात कोणतंच पद येत नाही. माझ्याकडे पदं येतात ती पाच-सहा गोष्टी ठरवूनच येतात : कामाचं क्षेत्र, उद्योग, कंपनीची उलाढाल, ठिकाण, वरिष्ठ कोण आणि हाताखाली किती माणसं. पत्रातलं पद याच भाषेत उतरलं, तर माझ्या यादीशी ते जुळवता येतं. बसून बोलल्यावर त्यांची दोन पदं निघाली. पहिलं, आठशे ते दोन हजार कोटी उलाढालीच्या सुट्या भागांच्या कंपनीत सप्लाय चेनचं प्रमुखपद, थेट एमडींच्या हाताखाली. दुसरं, एखाद्या वाहन कंपनीत फक्त कास्टिंग-फोर्जिंगच्या खरेदीचं प्रमुखपद. तिथे हुद्दा लहान, पण खरेदी कितीतरी मोठी. ठिकाण पुणे, नाहीतर कोल्हापूर. आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत घर हलवणार नाही. नको ते काय, हेही लिहून घेतलं : ट्रेडिंग नको, सल्लागाराचं काम नको, दिल्लीकडची नोकरी नको. नको असलेल्या गोष्टींची ओळ लोक भिडेपोटी गाळतात. माझा निम्मा वेळ वाचतो तो तिच्यामुळेच.

आता पैशांचं बघू. त्यांचं सीटीसी ५८ लाख. आकडा भरभक्कम दिसतो, म्हणून उघडून पाहू. ठरलेला पगार ४४ लाख. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विमा आणि गाडी मिळून ६ लाख. उरलेले ८ लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची आणि त्यांची कामगिरी पूर्ण झाली तर मिळणारे. गेल्या वर्षी प्रत्यक्षात ५ मिळाले. म्हणजे वर्षाकाठी खात्यात पडणारी रक्कम, कर कापण्याआधी, ४९ लाख.

या गृहस्थांना लिहायचं होतं, ‘सीटीसीवर तीस टक्के वाढ.’ हिशेब केला तर मागणी ७५ लाखांच्या पुढे जाते. नवी कंपनी हसत ७५ देईल. त्यात ठरलेला पगार ४९, व्हेरिएबल १८ आणि बाकीचं ८. कागदावर तीस टक्के वाढ झाली, पण हमखास मिळणारा पगार वाढला पाच लाखांनी, म्हणजे अकरा-बारा टक्के. म्हणून पत्रात टक्के लिहू नका आणि सीटीसीही मागू नका. ठरलेल्या पगाराचा आकडा लिहा. यांनी ५४ लाख लिहिला. त्यापुढे आणखी एक ओळ घातली : व्हेरिएबल जूनमध्ये मिळतं आणि त्या दिवशी नोकरीत असणाऱ्यालाच मिळतं, त्याआधी सोडायला लावलं तर बुडणारी रक्कम नव्या कंपनीनं भरून द्यावी. ही मागणी सरसकट होते आणि तिला जॉइनिंग बोनस म्हणतात. मात्र वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत घेण्याची अट बहुधा असते, ती वाचून घ्या.

काही जण विचारतात, आत्ताचा पगार थोडा वाढवून सांगितला तर? सांगू नका. शेवटी तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ मागतातच. पहिल्या पत्राला मात्र पगारपावती जोडू नका. तिच्यावर कंपनीचं नाव आणि तुमचा कर्मचारी क्रमांक असतो, आणि जोडलेला कागद किती जणांकडे जाईल ते ना तुमच्या हातात, ना माझ्या.

आता गुप्ततेकडे येऊ. यांच्या बाबतीत ती इतरांपेक्षा जास्त नाजूक होती. परचेसचा माणूस चाळीस-पन्नास पुरवठादारांशी रोज बोलतो. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याला ‘साहेब जाणार’ अशी कुणकुण लागली, की तो दर कमी करण्याची बोलणी लांबवतो. जाणाऱ्याशी कशाला ठरवायचं, नव्याशी बघू, असा त्याचा हिशेब असतो. मग मालाची किंमत खाली येत नाही आणि वरचे साहेब विचारतात, काय चाललंय? राजीनामा दिलाही नसताना माणूस कामात कच्चा दिसायला लागतो.

अशा वेळी ‘गोपनीय’ एवढा शब्द लिहून भागत नाही. अटी लिहाव्या लागतात. पहिली आणि खरी अट ही : माझं नाव किंवा बायोडेटा कुठल्याही कंपनीला पाठवण्याआधी त्या कंपनीचं नाव मला सांगा आणि माझा होकार घ्या, दर वेळी वेगळा. पुष्कळांना वाटतं, नाव झाकून बायोडेटा पाठवला की झालं. पण ‘चाकणच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीतला परचेस प्रमुख’ म्हटल्यावर या धंद्यातला माणूस दोन मिनिटांत नाव सांगेल. मोठ्या शहरातसुद्धा एकेक उद्योग गावाएवढाच असतो. झाकलेल्या नावावर विसंबू नका, होकाराच्या अटीवर विसंबा.

दुसरी, कोणाला पाठवायचंच नाही त्यांची यादी. त्यात सध्याची कंपनी, तिची मूळ आणि भगिनी कंपनी, आणि तिचे मोठे ग्राहक येतात. यांचा वाहन कंपनीत जायचा विचार होता आणि त्यांतली एक कंपनी त्यांच्या कारखान्याची ग्राहक होती. तिच्या परचेसचा प्रमुख दर महिन्याला चाकणला येतो. ती यादीत गेली.

याच ठिकाणी तुम्ही मला एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत : माझी सध्याची कंपनी तुमची ग्राहक आहे का? असेल, तर जबाबदार कन्सल्टंट तिथली माणसं बाहेर काढत नाही. तसा करारच असतो, साधारण वर्ष-दोन वर्षांचा. मग मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही, आणि ते मी सरळ सांगायला हवं. उत्तर येईपर्यंत बायोडेटा पाठवू नका, दोन ओळी पुरेत.

तिसरी अट सध्याच्या साहेबांकडे चौकशी न करण्याची. चौकशीसाठी आधीच्या नोकरीतले साहेब किंवा कंपनी सोडून गेलेले सहकारी द्यायचे, तेही लेखी ऑफर हातात आल्यावर.

बाकीचं थोडक्यात. पत्र घरच्या ईमेलवरून आणि घरच्या लॅपटॉपवरून. कंपनीच्या यंत्रावर काय लिहिलं जातं ते आयटी विभागाला पाहता येतं. बायोडेटाच्या वर्ड फाइलचे गुणधर्म उघडून पाहा. ‘Company’ या रकान्यात पुष्कळदा कंपनीचंच नाव पडलेलं असतं. नोकरीच्या पोर्टलवर सध्याच्या कंपनीला अडवण्याची सोय असते, ती वापरा. पण लिंक्डइनवर ‘फक्त रिक्रूटर्सना दिसू दे’ निवडलंत, तरी तुमच्या कंपनीतल्या कोणालाच दिसणार नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही.

असं पत्र बहुधा इंग्रजीतच जातं. मराठीत त्याचा आशय असा झाला :

‘आपण मध्यम आणि मोठ्या वाहन-भाग कंपन्यांसाठी सप्लाय चेनची पदं भरता असं कळलं. माझी सध्याची कंपनी आपली ग्राहक असल्यास कृपया आधी कळवावं. नाव फोनवर सांगेन. मला दोन पदांत रस आहे (पुढे ती दोन पदं). ठिकाण पुणे किंवा कोल्हापूर. मेनंतर रुजू होता येईल, नोटीस नव्वद दिवसांची आहे. ठरलेला पगार ५४ लाख अपेक्षित आहे, सध्या ४४ आहे. माझा बायोडेटा प्रत्येक कंपनीसाठी माझा लेखी होकार घेतल्यावरच पाठवावा. फोन रात्री आठनंतर किंवा शनिवारी करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पदाचं वर्णन पाठवू नये.’

पत्र एका पानाच्या आतलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ओळ त्यांनी स्वतः घातली. मीटिंगमध्ये मोबाइल टेबलावर पडलेला असतो आणि पडद्यावर मजकूर चमकतो, हे मला सुचलं नसतं.

पत्र गेल्यावर एक वही ठेवा : कोणत्या कन्सल्टंटनं, कोणत्या कंपनीला, कोणत्या तारखेला नाव पाठवलं. एकाच कंपनीत दोघांकडून तुमचा बायोडेटा पोचला, तर फी कोणाची यावर वाद होतो, आणि वाद नको म्हणून कंपनी उमेदवारच सोडून देते. आणि तुम्ही होकार न दिलेल्या कंपनीतून मुलाखतीचा फोन आला, तर नाव कुठून मिळालं ते शांतपणे विचारा. फुटलं कुठून, हे वही बघून कळतं.

आता ऑफरनंतरचं. नवी कंपनी तुमची पार्श्वभूमी तपासायला बाहेरची एजन्सी नेमते. तिच्या फॉर्ममध्ये सध्याच्या मालकाशी संपर्क करू का, असा रकाना असतो. तिथे ‘राजीनाम्यानंतर’ असं लिहा. फॉर्म भरण्याच्या गडबडीत पुष्कळ जण ‘होय’ वर खूण करतात, आणि इतके महिने सांभाळलेली गोष्ट एचआरला एजन्सीच्या ईमेलवरून कळते. याच फॉर्ममध्ये पीएफचा यूएएन मागतात. त्यावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात, म्हणून बायोडेटातल्या तारखा त्याच्याशी आधीच ताडून घ्या.